सात वाजताची मीटिंग आणि मुक्कामाची गाडी

बाईला 'नाही' म्हणता येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. बाकी वल्लरी हुशार. साताऱ्यात शाहूपुरीतल्या दोन खोल्यांत बसून ती हॅम्बुर्गच्या एका कंपनीचं काम बघायची. तिकडच्या बेकऱ्यांना उद्या पाव किती लागतील, याचा अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर होतं ते. त्यातली एक गोष्ट बिघडली की कुठं बिघडली हे ती निमिषला, म्हणजे नवऱ्याला, भाजी निवडता निवडता सांगायची. पण समोरच्यानं एखादी गोष्ट मागितली की हिच्या तोंडून 'चालेल' निघालंच म्हणून समजा. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ती बहीण वल्लरीच्या घरी कायमची मुक्कामाला होती.

टीम छोटीच होती. हॅम्बुर्गला अनिका, ती सगळ्यांची वरिष्ठ. पोर्तुगालमध्ये पोर्टो गावी इनेस. इकडे साताऱ्यात वल्लरी आणि मुकुल, आणि मे महिन्यापासून सांगलीची अरिबा. अरिबाचं काम टेस्टिंगचं. मुलगी चोवीस वर्षांची, बोलणं कमी, पण दुसऱ्यांच्या नजरेतून सुटलेली चूक तिच्या नजरेतून सुटायची नाही. तिची मुलाखत वल्लरीनंच घेतली होती आणि 'हिला घ्याच' असं अनिकाला तिनंच सांगितलं होतं. सहा महिने परीक्षेचे, मग कायम, असं ठरलं होतं. ते सहा महिने नोव्हेंबरअखेर संपत होते.

आणि नेमकं त्याच वेळी अनिकाचा निरोप आला. अरिबाला कायम करायचं की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळव. पुढे तिनं लिहिलं होतं की तिला स्वतःला शंका आहे. ऑक्टोबर संपल्यापासून ही मुलगी रोजच्या मीटिंगला असून नसल्यासारखी असते. कॅमेरा बंद, माइक बंद. काही विचारलं तर उत्तर लेखी येतं, तेही दोन-तीन मिनिटांनी. एकदा चुकून माइक सुरू राहिला, तेव्हा मागून पुष्कळ माणसांचा गलका ऐकू आला. अनिकानं सरळ विचारलं होतं: ही दुसरीकडेही नोकरी करते का?

वाचून वल्लरीनं लॅपटॉपच मिटला.

त्याला कारण होतं. दीड वर्षापूर्वी याच टीममध्ये मल्हार नावाचा मुलगा होता. गोड बोलायचा, वेळेवर यायचा, आणि बरोबरच पुण्याच्या एका कंपनीचंही काम करायचा. एकाच वेळी दोन पगार! तेव्हाही वल्लरीनंच छातीठोकपणे सांगितलं होतं की पोरगा सरळ आहे. मल्हार गेला, पण अनिकाच्या आवाजात तेव्हापासून एक थंडपणा आला तो गेला नाही. आता दुधानं तोंड पोळलेलं, ताकही फुंकून प्यायला हवं होतं. आणखी एकदा आपलं माणूस खोटं निघालं, तर साताऱ्या-सांगलीच्या माणसांवर कोण विश्वास ठेवणार, आपल्यावर तरी कोण ठेवणार, या विचारानं तिला दुपारचं जेवण जाईना.

तिनं अरिबाला फोन केला. आडून आडून विचारलं, बरी आहेस ना, काही अडचण आहे का. अरिबा म्हणाली, "नाही ताई. नेटवर्क जातं संध्याकाळी, बाकी काही नाही." मागून कुणाचाच आवाज नव्हता, इतकी शांतता की फ्रिज चालल्याचंही ऐकू येऊ नये. वल्लरीला ती शांतताच खटकली. घरात एवढी शांतता असते का कुणाच्या? तिच्या स्वतःच्या घरात आठ वर्षांची सई होती, शेजारी मिक्सर होता, खाली दुधवाल्याची गाडी होती. ही मुलगी नक्की बसते तरी कुठं?

आता मीटिंगच्या वेळेचंही नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी टीम जमली, तेव्हा अनिकानं सगळ्यांसमोर एक सामायिक तक्ता ठेवला होता. आपण कोणत्या वेळेला कामावर असू शकतो, ते ज्यानं त्यानं आपल्या नावापुढं लिहायचं. सगळ्यांच्या वेळा जिथं एकमेकींवर पडतील, तिथं रोजची अर्ध्या तासाची मीटिंग. हॅम्बुर्ग आपल्या मागे. उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. पोर्टो त्याच्याही मागे एक तास. वल्लरी टीमची इथली प्रमुख, तिनं सगळ्यांत आधी लिहिलं: सकाळी दहा ते रात्री नऊ, कधीही चालेल. मग मुकुलनं तसंच लिहिलं. अनिकानं दुपारी अडीचची वेळ धरली, तिच्याकडची दुपार, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सहा. वल्लरी समजली की यांना सकाळी वेळ नसणार. एवढी मोठी माणसं, सकाळी शंभर कामं असतील. विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. उलट मीटिंग कॅलेंडरवर टाकताना तिनं वेळही हॅम्बुर्गच्या घड्याळाला बांधली. त्यांना त्रास नको.

झालं काय, की ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर मागे घेतात. आपली आहेत तिथंच. हॅम्बुर्गला मीटिंग अडीचलाच राहिली, पण आपल्याकडे ती सहाची सात झाली. गेल्या वर्षी झाली, तशी या वर्षीही झाली. वल्लरीनं ग्रुपवर एक ओळ टाकली, 'उद्यापासून मीटिंग सातला', आणि खाली सगळ्यांनी अंगठा वर केला. अरिबानंही. तिचा हा पहिलाच हिवाळा होता.

मंगळवारची मीटिंग वल्लरीनं कान टवकारून ऐकली. सई बाजूच्या खोलीत गणितं करत होती, आणि दर पाच मिनिटांनी दारातून खुणा करत होती. वल्लरी तिला हातानंच 'थांब' म्हणत होती. अनिकानं अरिबाला विचारलं, कालची चूक सापडली का. उत्तर नाही. नाव स्क्रीनवर दिसत होतं, माणूस नव्हतं. मग लेखी आलं: सापडली, सकाळी कळवते. इनेसचाही कॅमेरा नेहमीसारखा बंदच होता, पण तिला कुणी काही म्हणत नव्हतं. मीटिंग संपल्यावर अनिकानं वल्लरीला एकटीला थांबवलं आणि परत तेच विचारलं. वल्लरीच्या तोंडून निघालं, "मी बघते, काळजी करू नका." बघते म्हणजे काय करते, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

रात्री तिनं निमिषला सगळं सांगितलं. तो म्हणाला, त्या पोरीला तोंडावर विचार की. वल्लरी म्हणाली, तोंडावर विचारलं आणि ती नाही म्हणाली, तर मला कसं कळणार? मल्हारही नाहीच म्हणाला होता. निमिष म्हणाला, मग सांगलीला जा. तो चेष्टेनं म्हणाला होता. पण गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून वल्लरी खरंच दुपारी साडेबाराच्या एसटीत बसली.

कराड गेलं, इस्लामपूर गेलं, दोन्ही बाजूंना ऊस, उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चाललेल्या. वल्लरीचं कशातच लक्ष नव्हतं. आपण एका पोरीवर पाळत ठेवायला चाललोय, याची तिला लाज वाटत होती. आणि ती पोर खरंच चोर निघाली तर, या भीतीनं लाजही नीट वाटू देत नव्हती. मनात ती वाक्यं जुळवत होती. पकडलीच तर काय बोलायचं, रडली तर काय करायचं. सांगली येईपर्यंत तिनं अरिबाला मनातल्या मनात दोनदा काढून टाकलं होतं आणि दोनदा परत घेतलं होतं.

अरिबाचा पत्ता कागदोपत्री स्टँडजवळच्या एका गल्लीतला होता. शोधत गेली, तर ते घर नव्हतंच. ती एक अभ्यासिका होती. स्पर्धा परीक्षेची पोरं महिन्याचे पैसे भरून टेबल धरतात ना, तसली. जिन्यात चपलांचा ढीग, दारावर पाटी: आत बोलू नये. व्यवस्था बघणाऱ्या दीपमाला नावाच्या बाई दारातच बसल्या होत्या. वल्लरीनं, मी तिची मोठी बहीण, असं ठोकून दिलं आणि अरिबाबद्दल विचारलं.

त्या बाई कौतुकानंच सांगायला लागल्या. लय गुणी पोरगी, सकाळी साडेनवाला येते, कोपऱ्यातलं टेबल तिचं, फोनवर बोलायचं झालं तर जिन्यात जाऊन उभी राहते, कुणाला उपद्रव नाही. संध्याकाळी साडेसहाला निघते. वल्लरीनं विचारलं, निघून कुठं जाते? बाई म्हणाल्या, ते काय आपल्याला म्हाईत न्हाई, पण धावत जाती.

धावत जाते! साडेसहाला इथून धावत निघून सातला जिथं गलका असतो तिथं पोचते, म्हणजे दुसरी पाळी. दुसरं काय असणार? ती समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसली. दोन तास बसली, चार चहा झाले, छातीत जळजळायला लागलं. उद्या अनिकाला काय लिहायचं, ते वाक्यसुद्धा तिच्या डोक्यात तयार झालं.

साडेसहा उलटून गेल्यावर अरिबा बाहेर आली. पाठीला लॅपटॉपची बॅग, डोक्यावर ओढणी. मुलगी खरोखरच धावली. वल्लरी मागे निघाली, पस्तिशीत धावायची सवय उरलेली नसते, पण धावली. अरिबा गल्लीतून वळली, रस्ता ओलांडला आणि थेट स्टँडात शिरली. फलाटाला लागलेली लाल गाडी सुटायच्या बेतात होती, कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातलेला. अरिबा चढली. विचार करायला वेळच नव्हता, मागच्या दोन बायांबरोबर वल्लरीही चढली.

गाडी खच्चून भरलेली. बाजार करून निघालेल्या बाया, कॉलेजची पोरं, दुधाचे रिकामे कॅन, कुणाच्या तरी पिशवीत कोथिंबीर. कंडक्टरनं विचारलं, कुठं? वल्लरीला काय माहीत कुठं. ती म्हणाली, शेवटपर्यंत. कंडक्टर म्हणाला, बेंदवाडी, मुक्कामाची गाडी हाय, परत सकाळीच येती, बघा बरं का. तिनं बायकांचं अर्धं तिकीट घेतलं.

तासगाव रस्त्याला गाडी लागली. पुढून चौथ्या बाकावर अरिबा बसली होती, नव्हे, तिसरी म्हणून टेकली होती. तिनं कानात इअरफोन घातले आणि मोबाइल दोन्ही हातांत धरला. बरोबर सात वाजले होते. वल्लरीच्याही मोबाइलवर मीटिंगची घंटी वाजली, आणि तिनं सवयीनं इअरफोन घालून बोट लावलं. स्क्रीनवर अनिका आली, मुकुल आला, इनेसचं नाव आलं. आणि अरिबाचं.

वल्लरी दोन बायांच्या मधून बघत राहिली. अनिकाचा आवाज कानात येत होता, आणि समोर अरिबा ओठ घट्ट मिटून ऐकत होती, एका हाताच्या अंगठ्यानं उत्तर टाइप करत होती. गाडीला गचका बसला की थांबत होती, पुसत होती, परत टाइप करत होती. दोन-तीन मिनिटं लागणारच की.

दुसरी नोकरी! वल्लरीला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

ती माणसांतून वाट काढत पुढे सरकली आणि अरिबाच्या खांद्याला हात लावला. अरिबानं वर बघितलं. चेहरा असा पांढरा पडला की वल्लरीलाच भीती वाटली. पोरीला सगळं एका क्षणात कळलं, की ताई इथं कशाला आली आहे. ती उठायला लागली, तिला खाली दाबत वल्लरीनं हळूच विचारलं, हे रोज असं? अरिबानं मान हलवली. मग इअरफोन काढून, रडू गिळत, तुटक तुटक सांगितलं. गावात तार टाकलेलं इंटरनेट नाही, रेंज मिळते ती गच्चीवर, तीही नशिबानं. म्हणून सांगलीत टेबल धरलं. गावाला ही एकच शेवटची गाडी, पावणेसातची. सहाची मीटिंग होती तोवर साडेसहाला संपायची आणि गाडी मिळायची. सातची झाली आणि सगळं फिसकटलं. ही चुकली तर अब्बांना मोटरसायकलवर न्यायला यावं लागतं. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, अंधारात समोरचा दिवा फुटतो त्यांच्या डोळ्यांत. पहिले दोन दिवस आले होते. दुसऱ्या दिवशी उसाच्या ट्रॉलीखाली जाता जाता वाचले.

वल्लरीनं विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस? अरिबा नुसती मोबाइलकडे बघत राहिली.

तेवढ्यात कानात अनिकाचा आवाज आला. ती वल्लरीला नावानं हाक मारत होती. अरिबाकडे सरकताना वल्लरीचा माइक सुरू झाला होता, कुणाच्या तरी कोपरानं की तिच्याच बोटानं, देव जाणे. आणि गलका, तोच तो गलका, आता वल्लरीच्या नावातून हॅम्बुर्गला ऐकू येत होता. अनिका विचारत होती, तू कुठं आहेस? हा तोच आवाज आहे. तुम्ही दोघी एकाच ठिकाणी काम करता का?

वल्लरीची पाचावर धारण बसली. अरिबाला पकडायला आली आणि स्वतःच आरोपी झाली! मुकुल स्क्रीनवर तोंड उघडं टाकून बघत होता. एक क्षण तिच्या मनात आलं की फोन बंद करावा आणि उद्या म्हणावं, नेटवर्क गेलं. शब्द अगदी जिभेवर आले होते. मग तिला जाणवलं की अरिबाही रोज हेच म्हणते, आणि ते आपल्याला खोटं वाटलं होतं.

तिनं कॅमेरा सुरू केला आणि फोन उंच धरला.

अनिकाला काय दिसलं असेल ते दिसो. दांड्याला लोंबकळणारी माणसं, एक म्हातारी कॅमेऱ्याकडे बघून हसली, एका पोरानं हात हलवला. वल्लरी म्हणाली, ही दुसरी कंपनी नाही, ही गावाला जाणारी शेवटची बस आहे. तुमची घड्याळं मागे गेल्यापासून अरिबा रोज मीटिंग या बसमधून करते, कारण सातची मीटिंग संपायची वाट बघितली तर घरी जायला गाडी नाही. मी हे आज बघितलं. आधी बघायला हवं होतं.

मग अनिका हळू आवाजात म्हणाली, मला काही समजत नाहीये. तुम्ही सगळ्यांनीच रात्री नऊपर्यंत चालेल असं लिहिलं होतं. मला वाटलं, तुम्हाला दिवसभर शांतपणे काम करून संध्याकाळी बोलायला आवडतं. म्हणून मी दुपारची वेळ धरली, नाहीतर आम्ही इथं सकाळी नवापासून बसलेलेच असतो.

सकाळी नवापासून बसलेले असतात! दोन वर्षं वल्लरी समजत होती की यांना सकाळी वेळ नाही, आणि दोन वर्षं ते समजत होते की हिला संध्याकाळ आवडते. दोघांनीही एकमेकांची सोय बघितली आणि दोघांचीही गैरसोय करून ठेवली. वल्लरीला हसावं की रडावं कळेना. बाजूच्या बाईचा कॅन तिच्या पायावर आला होता, तिकडेही तिचं लक्ष नव्हतं.

कंडक्टर मागून ओरडला, पुढं सरका. अरिबानं वल्लरीची बाही ओढली आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. कालव्याचा पूल. इथून पुढं रेंज जाते, ती कुजबुजली. म्हणजे जे बोलायचं ते आत्ता.

आयुष्यात ज्या शब्दाची तिला सवय नव्हती, तो तिनं गच्च भरलेल्या एसटीत, एका हातानं दांडा धरून उच्चारला.

"नाही, अनिका. संध्याकाळी सहानंतर आम्हाला जमत नाही. लिहिलं होतं ते भीडेपोटी लिहिलं होतं. तुमच्या सकाळी दहाला आमचे अडीच वाजलेले असतात, तेव्हा आम्ही सगळे असतो. आणि मीटिंग आमच्या घड्याळाला बांधा, म्हणजे तुमची घड्याळं हलली तरी आमची बस चुकणार नाही. तुम्हाला उन्हाळ्यात ती अकराला पडेल, तेवढं..."

तेवढं काय, ते कुणी ऐकलं नाही. स्क्रीनवर अनिकाचा चेहरा अर्धवट हसत की चिडत की नुसताच आ वासत थिजून राहिला, आणि मग तोही गेला.

पुढची वीस मिनिटं वल्लरीनं कशी काढली ते तिचं तिला माहीत. अरिबानं सरकून तिला बाकाच्या कडेला टेकायला जागा दिली होती. दोघी शेजारी बसल्या. वल्लरीच्या मनात चक्र चालू होतं. पोर्टोत तेव्हा सकाळचे नऊ. इनेसला जमलं नाही तर? इनेसला दोन मुलं, शाळेत सोडायची असतील. आणि अनिकाला वाटलं असेल की ही बया दोन वर्षं खोटं लिहीत होती, तर? उद्या दोघींच्याही नावापुढं काट मारतील. अरिबाचे सहा महिने तर गेलेच, आपली दोन वर्षंही गेली. घरी निमिषला काय सांगायचं? आणि घरी तरी कसं जायचं, गाडी तर मुक्कामाची! तो विचार तिला आत्ता सुचला.

बेंदवाडीच्या स्टँडवर, म्हणजे एका लिंबाच्या झाडाखाली, गाडी थांबली. अरिबाचे अब्बा, अजमलभाई, बॅटरी घेऊन उभे होते. पाहुणी बघून गोंधळले, मग अरिबानं सांगितलं, या माझ्या ताई, साताऱ्याच्या. त्यांनी विचारलं नाही कशा आल्या, का आल्या. म्हणाले, आवं, मग जेवायलाच आल्या की, चला. घरी अम्मी, सलिमाबाई, भाकरी थापत होत्या, त्यांनी परातीत आणखी पीठ घेतलं.

वल्लरीला बसवेना. अरिबा म्हणाली, गच्चीवर या. दोघी जिना चढून गेल्या. गच्चीच्या एका कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभं राहिलं की एक काडी रेंज येते. वल्लरीनं फोन वर धरला.

निरोप एकामागोमाग एक आले. पहिला मुकुलचा: ताई, मलाबी सातला जमत न्हवतं, क्रिकेट बुडायचं. दुसरा इनेसचा. तिनं लिहिलं होतं की दीडला त्यांच्याकडे जेवायची वेळ असते, आणि दोन वर्षं ती कॅमेरा बंद करून मीटिंगमध्ये जेवत आहे. सकाळी नऊ म्हणजे देवच पावला. तिसरा अनिकाचा. वल्लरीनं तो उघडायला वेळ लावला.

अनिकानं लिहिलं होतं की सोमवारपासून मीटिंग भारताच्या घड्याळानं दुपारी अडीचला. अरिबाचं कायम होण्याचं पत्र उद्या निघेल. तिची शंका तिनं मागे घेतली होती, आणि तसं अरिबाला ती स्वतः सांगणार होती. शेवटी एक ओळ होती: जुना तक्ता मी पुसला आहे. प्रत्येकानं आपल्या खऱ्या वेळा नव्यानं लिहाव्यात, वल्लरी, आधी तू.

वल्लरी धाडकन टाकीला टेकली. आठवडाभराचं ओझं असं एकदम उतरलं की तिला रडायलाच आलं, आणि अरिबाही रडायला लागली, आणि खालून सलिमाबाईंनी विचारलं, काय झालं गं, तर दोघी हसायला लागल्या. मग वल्लरीनं निमिषला फोन लावला, आज येत नाही म्हणून सांगितलं. मागून सई विचारत होती, आई मीटिंगमध्ये आहे का. निमिष म्हणाला, नाही, संपली.

फोन ठेवून तिनं नवा तक्ता उघडला. कोरा होता. पहिल्या ओळीला तिचं नाव. विचार न करता तिचा अंगठा चालला: दहा ते नऊ, कधीही चा...

अरिबानं तिचा हात धरला. फोनवर, मीटिंगमध्ये, बसमध्ये, सहा महिन्यांत तिनं कधी ताईला असं अडवलं नव्हतं. आणि ती बोलली तेही अभ्यासिकेतल्या भाषेत नाही, गच्चीवरच्या, घरच्या भाषेत बोलली.

"ताई, मगाशी तुमी इचारलं, का सांगितलं न्हाई. मे महिन्यात मी लिवायला बसले तवा वर तुमचं नाव हुतं आन म्होरं 'कधीही'. मग मी 'न्हाई' कसं लिवणार? आमी तुमचं बघून लिवतो."

खाली अजमलभाई ताटं मांडायला सांगत होते. वल्लरीनं लिहिलेलं एकेक अक्षर मागे मागे पुसत नेलं, आणि 'दहा ते सहा' लिहून फोन अरिबाच्या हातात दिला.